रविवारी पाचच कन्व्हर्जन: कॅम्पेन बिघडलं की नुसता चढउतार?

शुक्रवारी 12 कन्व्हर्जन, शनिवारी 8, रविवारी 5. सोमवारी सकाळी रिपोर्ट उघडला की आलेख उतरणीला लागलेला दिसतो, आणि नवीन माणसाचा हात लगेच बजेटकडे, बिडकडे नाहीतर जाहिरातीच्या मजकुराकडे जातो. त्या आधी दहा मिनिटं शीटमध्ये घालवली तर हात लावायची गरज आहे की नाही हे बरंचसं कळतं. ते कसं करायचं, हे इथे एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत दाखवलं आहे.

उदाहरण असं धरू. एक सर्च कॅम्पेन आहे, रोजचं बजेट स्थिर आहे, दिवसाला साधारण 600 क्लिक येतात. कन्व्हर्जन म्हणजे चौकशीचा फॉर्म भरून पाठवणं. आठवड्याला सरासरी 4,200 क्लिक आणि 84 फॉर्म, म्हणजे दिवसाला सरासरी 12. फार मोठं नाही, अगदी लहानही नाही. बहुतेक नवशिक्यांच्या हातात पहिल्यांदा याच आकाराचं काहीतरी येतं, आणि याच आकारात फसगत सगळ्यात जास्त होते.

पायरी 1: शेवटचे दिवस पूर्ण मोजून झालेत का ते पाहा

हे गणित नाही, पण आधी हेच करायचं. Google Ads मधला `Conversions` हा कॉलम कन्व्हर्जन ज्या दिवशी झालं त्या दिवशी मोजत नाही. ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या खात्यात टाकतो. शनिवारी क्लिक करून मंगळवारी फॉर्म भरणारा माणूस शनिवारच्या आकड्यात जमा होतो, पण मंगळवार उजाडेपर्यंत तो कुठेच दिसत नाही. त्यामुळे आलेखाचं उजवं टोक नेहमीच थोडं खाली झुकलेलं असतं, कॅम्पेन ठणठणीत असतानाही.

तुमच्याकडे हा उशीर किती आहे ते मोजायला दोन-तीन आठवडे लागतात, पण काम सोपं आहे. रोज सकाळी कालच्या तारखेचा आकडा वेगळ्या शीटमध्ये लिहून ठेवा. त्याच तारखेचा आकडा 3 दिवसांनी, 7 दिवसांनी आणि 14 दिवसांनी पुन्हा लिहा. तिसऱ्या दिवशीच आकडा अंतिम आकड्याच्या 95 टक्क्यांवर पोहोचत असेल तर तुलनेतून शेवटचे 3 दिवस वगळले की पुरतं. महागड्या किंवा विचार करून घ्यायच्या वस्तूंमध्ये हा काळ खूप लांबतो. घाई असेल तर `Conversions (by conv. time)` हा कॉलम घ्या. त्यात कन्व्हर्जन झालं त्या दिवशीच मोजलं जातं. मात्र एकदा निवडलेला कॉलम मध्येच बदलू नका, नाहीतर सरासरी एका मोजपट्टीची आणि आजचा आकडा दुसरीचा, असं होतं.

आपल्या उदाहरणात लोक क्लिक केल्यावर काही मिनिटांतच फॉर्म भरतात असं धरू. म्हणजे रविवारचे 5 हे सोमवारी सकाळीही 5 च आहेत.

पायरी 2: रविवारची तुलना रविवारशीच करा

शुक्रवारशी रविवारची तुलना करणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. लोकांचा आठवडा सारखा नसतो. ऑफिसच्या कामाशी जोडलेल्या गोष्टींचा शोध कामाच्या दिवसांत जास्त, मनोरंजनाचा सुट्टीच्या दिवशी जास्त. तुमच्या कॅम्पेनचा वारांचा साचा कसा आहे हे अंदाजाने ठरवू नका, मागच्या 8 आठवड्यांच्या म्हणजे 56 दिवसांच्या आकड्यांतून काढा.

शीटमध्ये पहिल्या कॉलममध्ये तारीख, दुसऱ्यात वार, तिसऱ्यात कन्व्हर्जन ठेवा. पहिली ओळ शीर्षकांची, 2 ते 57 या ओळी जुन्या दिवसांच्या आणि 58 वी तपासायच्या दिवसाची.

```
B2:   =WEEKDAY(A2,2)
D58:  =AVERAGEIFS(C$2:C$57,B$2:B$57,B58)
```

`WEEKDAY` मध्ये 2 लिहिल्यामुळे सोमवार 1 आणि रविवार 7 असा क्रम मिळतो. B2 चं सूत्र 58 व्या ओळीपर्यंत खाली ओढा. D58 मध्ये येतो तो त्या वाराचा अपेक्षित आकडा. आपल्या कॅम्पेनचे आकडे असे निघाले:

| वार | 8 आठवड्यांची सरासरी |
|---|---|
| सोमवार | 15 |
| मंगळवार | 14 |
| बुधवार | 13 |
| गुरुवार | 13 |
| शुक्रवार | 12 |
| शनिवार | 8 |
| रविवार | 9 |

आता शुक्रवार-शनिवार-रविवारची ती घसरण पुन्हा पाहा. शुक्रवारी अपेक्षा 12, आले 12. शनिवारी अपेक्षा 8, आले 8. दोन दिवसांत कॅम्पेनचं काहीच बिघडलेलं नाही. दरवाढ नाही, स्पर्धक नाही, फक्त शनिवार आला. प्रश्न उरतो तो एकट्या रविवारचा: अपेक्षा 9, आले 5.

आठच आठवडे का? 8 रविवारांचे मिळून 72 फॉर्म होतात, आणि तेवढ्यावर काढलेली सरासरी साधारण 12 टक्के इकडेतिकडे असू शकते. दोनच रविवार घेतले तर ती 24 टक्के हलते, म्हणजे मोजपट्टीच रबराची. उलट वर्षभराचे आकडे घेतले तर त्यात जुन्या जाहिराती, जुनं बजेट, वेगळा हंगाम सगळं मिसळतं. 6 ते 10 आठवडे ही मधली वाट बहुतेक ठिकाणी चालते.

सुट्ट्यांचे दिवस, फॉर्म मोजणारा टॅग बंद पडलेला दिवस, बजेट दुपारीच संपलेला दिवस हे सरासरीतून काढून टाका. पण एक नियम कडक पाळा: दिवस वगळायचं कारण त्या दिवसाच्या आकड्याबाहेरचं असलं पाहिजे. "हा आकडा फारच वाईट दिसतोय" हे कारण नाही. वाईट दिसणारे दिवस एकेक करून वगळले की उरलेल्या सरासरीपुढे प्रत्येक साधा दिवस घसरल्यासारखा दिसतो.

पायरी 3: नुसत्या योगायोगाने आकडा किती हलतो ते काढा

600 लोक क्लिक करतात आणि प्रत्येक जण स्वतःपुरता ठरवतो की फॉर्म भरायचा की नाही. त्यातले किती जण होकार देतील हे रोज नेमकं सारखं येणार नाही, कॅम्पेन, पेज आणि बाजार तसूभर न बदलताही. अशा मोजणीचा चढउतार किती असतो याचा अंदाज एका साध्या नियमाने येतो: अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ घ्या. तो झाला एक टप्पा. जवळपास 95 टक्के दिवस दोन टप्प्यांच्या आत पडतात आणि तीन टप्प्यांच्या बाहेर क्वचितच कोणी जातं.

रविवारची अपेक्षा 9, वर्गमूळ 3, दोन टप्पे म्हणजे 6. पट्टा झाला 3 ते 15. आपला 5 या पट्ट्यात आरामात बसतो. शीटला थेटही विचारता येतं:

```
=POISSON.DIST(5,9,TRUE)
```

उत्तर येतं 0.116. म्हणजे काहीही न बदलता, 9 ची सरासरी असलेल्या रविवारी 5 किंवा त्याहून कमी फॉर्म येण्याची शक्यता साधारण नवात एक. दर दोन महिन्यांत एखादा रविवार असा निघणारच. यावर कॅम्पेनला हात लावू नये.

लहान आकड्यांचा पट्टा किती रुंद असतो हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. 12 ची सरासरी असलेला दिवस 5 ते 19 मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणजे वर-खाली जवळजवळ 58 टक्के. 84 चा आठवडा 66 ते 102, म्हणजे 22 टक्के. 400 चा महिना 360 ते 440, फक्त 10 टक्के. दिवसाच्या आकड्यात 30 टक्क्यांची घसरण ही बातमीच नाही. महिन्याच्या आकड्यात तीच घसरण झाली तर धावपळ करायलाच हवी. टक्केवारी सांगताना मूळ आकडा लपतो, म्हणून टीमला पाठवायच्या रिपोर्टमध्ये "44 टक्के घट" असं एकटं कधीच लिहू नका. "9 च्या जागी 5" असं लिहिलं की वाचणाऱ्यालाही जोखता येतं.

दर कन्व्हर्जनमागचा खर्च पाहणाऱ्यांची इथे जास्त फसगत होते. समजा रोजचा खर्च 6,000 ठरलेला आहे. 12 फॉर्म आले तर दर फॉर्म 500. फॉर्म 16 झाले तर 375, आणि 8 झाले तर 750. चढउतार दोन्हीकडे चारचाच, पण खर्चाच्या आलेखात खालची बाजू 125 ने हलली आणि वरची 250 ने. त्यामुळे या आलेखात वाईट दिवसांचे सुळके उंच आणि चांगल्या दिवसांच्या खळग्या उथळ दिसतात, आणि पाहणाऱ्याला कॅम्पेन सतत महाग होत चालल्यासारखं वाटतं. दिवसाच्या पातळीवर खर्चाचा हा भागाकार पाहूच नका. खर्च वेगळा पाहा, फॉर्म वेगळे मोजा, आणि भागाकार करायचाच तर पूर्ण आठवड्याच्या बेरजेवर करा.

वर्गमूळाचा नियम एका गोष्टीवर उभा आहे: वाराचा साचा सोडला तर बाकी सगळं रोज सारखं आहे. खऱ्या कॅम्पेनमध्ये ते पूर्णपणे खरं नसतं. हवामान, पगाराची तारीख, स्पर्धकाचं बजेट यांनी थोडी जास्तीची हलचल येतेच. ती किती आहे हे जुन्या 56 दिवसांवरून कळतं. प्रत्येक दिवसाचा आकडा वजा त्या वाराची सरासरी, त्याचा वर्ग, भागिले ती सरासरी. D57 पर्यंत त्या त्या वाराची सरासरी भरून घेतली की एका सूत्रात होतं:

```
=SUMPRODUCT((C2:C57-D2:D57)^2/D2:D57)/49
```

56 ने न भागता 49 ने भागायचं, कारण सात वारांच्या सात सरासऱ्या याच आकड्यांतून काढल्या आहेत. उत्तर 1 च्या आसपास आलं तर साधं वर्गमूळ पुरतं. 2 आलं तर प्रत्येक टप्पा 1.4 पट करा, 4 आलं तर दुप्पट. 4 च्याही पुढे गेलं तर आकड्यांत काहीतरी न टिपलेलं आहे: मध्येच बदललेलं बजेट, विसरलेली सुट्टी किंवा दोनदा मोजणारा टॅग. आपल्या कॅम्पेनचं उत्तर 1.3 आलं असं धरू, म्हणजे टप्पा 1.14 पट. फरक थोडा आहे, पण शेवटच्या निर्णयात तो धरायचा.

पायरी 4: दिवस एकेकटे न पाहता सोमवारपासून बेरीज करत जा

रविवार सोडून दिला. पुढचा आठवडा असा गेला:

| वार | अपेक्षा | आले | अपेक्षेची बेरीज | आलेल्यांची बेरीज | तूट | तूट किती टप्पे |
|---|---|---|---|---|---|---|
| सोम | 15 | 10 | 15 | 10 | 5 | 1.3 |
| मंगळ | 14 | 9 | 29 | 19 | 10 | 1.9 |
| बुध | 13 | 9 | 42 | 28 | 14 | 2.2 |
| गुरु | 13 | 8 | 55 | 36 | 19 | 2.6 |
| शुक्र | 12 | 8 | 67 | 44 | 23 | 2.8 |
| शनि | 8 | 5 | 75 | 49 | 26 | 3.0 |
| रवि | 9 | 6 | 84 | 55 | 29 | 3.2 |

हे कोष्टक सावकाश वाचण्यासारखं आहे. यातला एकही दिवस एकट्याने पाहिला तर संशय येत नाही. सोमवारचा पट्टा 7 ते 23, आले 10. गुरुवारचा 6 ते 20, आले 8. रोज सकाळी "कालचा दिवस पट्ट्यात आहे" असं म्हणून पुढे जाणारा माणूस आठवडाभर शांत बसेल, आणि ते चुकीचं ठरेल. कारण सातही दिवस अपेक्षेच्या खालीच पडले आहेत. निव्वळ योगायोग असता तर काही दिवस वर गेले असते. सातच्या सात खाली जाणं हे साधारण 128 मध्ये एकदा घडतं. आणि बेरीज केली की तूट 29 ची आहे, तर टप्पा 84 च्या वर्गमूळाइतका, म्हणजे 9.2. तीन टप्प्यांच्या बाहेर.

1.3 ची जास्तीची हलचल धरली तर टप्पा 10.4 होतो आणि तूट 2.8 टप्प्यांची. तरीही दोनच्या बरीच बाहेर. इथे आमचा निर्णय स्पष्ट आहे: काहीतरी खरोखर बदललं आहे, शोधायला लागा.

बेरीज कुठून सुरू करायची हे आधीच ठरलेलं हवं. आठवड्याची सुरुवात सोमवार, तर नेहमी सोमवारच. आलेख पाहून "घसरण इथून सुरू झालेली दिसते" अशा दिवसापासून बेरीज घेतली तर कुठल्याही निरोगी कॅम्पेनमध्ये घसरण सापडते, कारण तुम्ही वाईट दिवस वेचूनच सुरुवात केलेली असते. म्हणूनच आधीचा 5 फॉर्मांचा रविवार आम्ही या कोष्टकात घेतला नाही, जरी त्याने तूट आणखी मोठी दिसली असती.

सात दिवसांची सरकती सरासरी बरेच जण वापरतात. वारांचा साचा झाकायला ती चांगली आहे, पण तिची एक खोड माहीत असू द्या. आजचा आणि कालचा बिंदू यांच्यात सहा दिवस सामाईक असतात. त्यामुळे ती रेघ कधी उडी मारत नाही, हळूहळू वळते, आणि निव्वळ योगायोगाच्या आकड्यांतूनही तिच्यात आठ-दहा दिवसांचे सुबक "ट्रेंड" दिसतात. शिवाय ती आज खाली आली याचं कारण आज वाईट गेला हेच असेल असं नाही. सात दिवसांपूर्वीचा एखादा फार चांगला दिवस सरासरीतून बाहेर पडला असेल. सरकती सरासरी पाहायचीच तर सात दिवसांतून एकच बिंदू वाचा.

मुदत निवडतानाही सातच्या पाढ्यातच राहा. "मागचे 30 दिवस आणि त्याआधीचे 30 दिवस" या तुलनेत चार आठवडे आणि वर दोन दिवस येतात. ते दोन दिवस एकीकडे सोम-मंगळ आणि दुसरीकडे शनि-रवि असे आले तर आपल्या कॅम्पेनमध्ये 29 विरुद्ध 17, म्हणजे 12 फॉर्मांचा फरक काहीही न घडता तयार होतो. 28 दिवस घ्या, प्रश्नच मिटतो.

आठ आठवड्यांचा इतिहास नसेल आणि दोनच आठवडे हाताशी असतील तर दोघांच्या फरकाला दोघांच्या बेरजेच्या वर्गमूळाने भागा. मागच्या आठवड्यात 91 आणि या आठवड्यात 76 आले: फरक 15, बेरीज 167, वर्गमूळ 12.9, म्हणजे 1.2 टप्पे. साडेसोळा टक्क्यांची घट ऐकायला मोठी वाटते, पण ती योगायोगाच्या आतली आहे.

पायरी 5: किती ठिकाणी पाहताय त्यावर कठोरपणा ठरवा

दोन टप्प्यांच्या पट्ट्याबाहेर काहीही न बिघडता 5 टक्के दिवस पडतात. एका कॅम्पेनला हे चालतं. 20 कॅम्पेन रोज पाहिली तर आठवड्यात 140 आकडे होतात आणि त्यातले साधारण 7 निव्वळ योगायोगाने लाल होतात, म्हणजे रोज एक खोटी धावपळ. त्यामुळे दिवसाच्या आकड्यासाठी तीन टप्पे आणि एका ठरलेल्या कॅम्पेनच्या पूर्ण आठवड्यासाठी दोन टप्पे, अशी विभागणी करावी. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये कारखान्यातल्या उत्पादनासाठी नियंत्रण-आलेख मांडला. तीन टप्प्यांच्या रेषेची प्रथा त्याच परंपरेतली. जाहिरातीच्या आकड्यांनाही ती लागू पडते.

फार लहान कॅम्पेनमध्ये शून्याचा दिवस घाबरवतो. रोजची सरासरी 2 असेल तर शून्याचा दिवस येण्याची शक्यता 13.5 टक्के, म्हणजे जवळपास आठवड्यातून एकदा. सरासरी 1 असेल तर 37 टक्के, दर तीन दिवसांतला एक दिवस कोरडाच. अशा ठिकाणी दोन टप्प्यांचा पट्टा शून्याखाली जातो आणि निरुपयोगी ठरतो. तिथे दिवस पाहणं सोडून द्या आणि अपेक्षित बेरीज निदान 16 होईपर्यंत दिवस गोळा करा. 16 वर निम्म्याने झालेली घट दोन टप्प्यांची होते. 20 टक्क्यांची घट दिसायला अपेक्षित बेरीज 100 लागते, 10 टक्क्यांची दिसायला 400. आणि तेवढ्यावरही ती घट पकडली जाण्याची शक्यता निम्मीच असते. ती शक्यता वाढवायची तर त्याच्या दुप्पट धरा. आपल्या 84 च्या कॅम्पेनमध्ये 10 टक्क्यांचा बदल एका आठवड्यात दिसूच शकत नाही, कोणी कितीही बारकाईने आलेख पाहिला तरी.

एखादा कीवर्ड एकही कन्व्हर्जन देत नाही म्हणून बंद करायचा असेल तर 3 ला अपेक्षित दराने भागा. कॅम्पेनचा दर 2 टक्के असेल तर 3 भागिले 0.02 म्हणजे 150 क्लिक. 40 क्लिकवर शून्य आलं म्हणून कीवर्ड काढणं म्हणजे त्याला संधीच न देणं.

पायरी 6: बदल खरा ठरला की मोठ्या आकड्यांच्या दिशेने शोधा

55 चा आठवडा खरा बदल आहे हे ठरलं. आता कारण शोधताना सगळ्यात आधी क्लिक पाहा, कारण ते संख्येने जास्त असतात आणि म्हणून कमी हलतात. आठवड्याच्या 4,200 क्लिकचं वर्गमूळ 65 च्या आसपास येतं, म्हणजे दोन टप्पे केले तरी 3 टक्केच. क्लिकवर बाहेरच्या गोष्टींचा परिणाम जास्त होतो म्हणून पट्टा थोडा सैल धरा, तरी 30 टक्क्यांची तूट लपणार नाही.

त्या आठवड्यात क्लिक 4,150 होते. म्हणजे जाहिरात दिसतेय, लोक येतायत, दर क्लिकचा खर्चही बदललेला नाही. फॉर्मचा दर मात्र 2 टक्क्यांवरून 1.3 टक्क्यांवर आला आहे. दोष क्लिकनंतर आहे: पेज, फॉर्म किंवा मोजणारा टॅग. टॅगची शंका सोपी मिटते. फॉर्म जिथे जमा होतात त्या इनबॉक्समधले अर्ज हाताने मोजा. इनबॉक्समध्ये 84 च्या आसपास आणि रिपोर्टमध्ये 55 असतील तर टॅग गळतोय. आपल्याकडे इनबॉक्समध्येही 55 च होते.

मग एकच विभागणी करा, जिच्यात भाग मोठे राहतील. मोबाइल आणि डेस्कटॉप ही चांगली सुरुवात:

| डिव्हाइस | अपेक्षा | आले | तूट किती टप्पे |
|---|---|---|---|
| मोबाइल | 60 | 33 | 3.5 |
| डेस्कटॉप | 24 | 22 | 0.4 |

डेस्कटॉप जागेवर आहे, जवळजवळ सगळी तूट मोबाइलची. तास, शहर, वय असे वीस तुकडे केले असते तर प्रत्येकात तीन-चार फॉर्म उरले असते आणि कुठेतरी योगायोगाचा खड्डा नक्की सापडला असता. विभागणी करताना दोनच तुकडे, फार तर तीन.

आता हातात फोन घ्या आणि जाहिरातीवरून नाही, थेट पत्ता टाकून पेज उघडा, म्हणजे फुकट क्लिक मोजला जाणार नाही. ब्राउझरची खाजगी विंडो वापरा, कारण नवीन माणसाला जे दिसतं ते तुमच्या नेहमीच्या विंडोत दिसत नाही. या उदाहरणातला दोष इथे दिसतो: हा आठवडा सुरू होण्याआधी, रविवारी रात्री पेजवर कुकीच्या परवानगीची नवी पट्टी लावली गेली. ती खाली चिकटून राहते, आणि लहान स्क्रीनवर फॉर्मचं "पाठवा" बटण तिच्यामागे अर्धं झाकलं जातं. मोठ्या फोनवर ते दिसतं, म्हणून मोबाइलचे फॉर्म शून्यावर न जाता निम्म्याच्या आसपास आले. घट अर्धवट असण्याचं हेच नेहमीचं कारण असतं. पूर्ण तुटलेली गोष्ट कोणीतरी पहिल्याच दिवशी कळवतं. म्हणूनच बदलांची नोंदवही शीटच्या शेजारच्या कॉलममध्येच ठेवा: पेजवर काय लावलं, बिड कधी बदललं, कोणती जाहिरात थांबवली, तारखेसह.

पायरी 7: दुरुस्तीनंतर कशाशी तुलना करायची

पट्टी हलवली. पुढच्या आठवड्यात 79 आले, त्यात मोबाइलचे 56. याची तुलना 55 शी करण्याचा मोह होतो, कारण "44 टक्के वाढ" छान दिसते. पण वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा बरा असतोच, काही केलं नाही तरी. कारण त्या वाईट आकड्यात थोडा योगायोगही सामील असतो आणि तो पुन्हा तसाच येत नाही. 5 फॉर्मांच्या रविवारनंतर कोणी बिड वाढवलं असतं आणि पुढच्या रविवारी 9 आले असते, तर श्रेय बिडला गेलं असतं. म्हणून दुरुस्तीचा निकाल जुन्या पायाशी लावा: अपेक्षा 84, पट्टा 66 ते 102, आले 79; मोबाइलची अपेक्षा 60, आले 56. दोन्ही पट्ट्यात. मोबाइल पूर्वपदावर आला असं म्हणता येतं. थोडी तूट उरली आहे का हे या एका आठवड्यावरून सांगता येणार नाही. त्यासाठी आणखी तीन आठवडे मिळून 336 च्या अपेक्षेशी ताडून पाहा.

त्या चार आठवड्यांत बिड, बजेट आणि जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा ठेवा. आणि 55 चा तो आठवडा सरासरीच्या शीटमधून काढा. इथे वगळण्याचं कारण आकड्याबाहेरचं आहे, पट्टीची तारीख नोंदवहीत आहे. तो तसाच राहिला तर आठ आठवड्यांचा पाया 84 वरून 80 वर येतो, पट्ट्याची खालची कड 66 वरून 62 वर सरकते, आणि पुढच्या वेळी असाच दोष आला तर तो पकडायला एक-दोन दिवस जास्त लागतात.